करू की

सोलापुरात कुणी 'करू' म्हणालं की काम होतं. 'करू की' म्हणालं तर होतंही आणि होतही नाही. त्या शेवटच्या 'की'मध्ये माणूस आपली सुटका करून ठेवतो आणि समोरच्याला वाटतं, होकार मिळाला. बाहेरगावाहून बदलून आलेल्या साहेबलोकांना हे कळायला वर्ष जातं. संघप्रियाला तेवढीही सबब नव्हती. ती जन्मली सोलापुरात, शिकली सोलापुरात, नोकरी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात, म्हणजे दिवसातून वीस वेळा हे 'की' तिच्या टेबलावर येऊन पडायचं. तरी फसायची वेळ आली तेव्हा ती सरळ फसली.

सात रस्ता चौकाच्या मागच्या अंगाला स्नेहदीप सोसायटी. समोरासमोर दोन इमारती, ए आणि बी, अठ्ठावीस घरं, आणि मधे शहाबादी फरशीचं अंगण. हे अंगण म्हणजे सोसायटीचा जीव. गणपती तिथं बसतो, दसऱ्याला सोनं तिथं वाटतात, संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत अक्षता सोहळ्याला जाण्याआधी सगळ्या बायका नटून तिथंच फोटो काढतात. आणि गेली अकरा वर्षं या अंगणातली गणपतीची रांगोळी संघप्रियाची असते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. शेजारच्या सोसायट्यांतली माणसं फाटकातून डोकावून जातात. चेअरमन शिवलिंगप्पा अण्णा तर पाहुण्यांना मूर्ती दाखवायच्या आधी रांगोळी दाखवतात.

ऑगस्ट लागला की अण्णा जिन्यात गाठून विचारायचे, "संघप्रिया, यंदा रांगोळी?" ती म्हणायची, "करू की, अण्णा." आणि करायची. तिच्या तोंडचं 'करू की' ही सोसायटीतली एकच पक्की गोष्ट होती असं म्हटलं तरी चालेल.

तर फेब्रुवारीतल्या सभेत तिने विषय काढला. चौदा एप्रिलला अंगणात बाबासाहेबांची जयंती करायची. गणपतीसारखीच, अंगण सजवून, सोसायटीच्या उत्सव निधीतून. सोसायटीत बौद्धांची घरं पाच. आजवर ही पाचही घरं जयंतीला आपापल्या जुन्या वस्तीत जायची आणि त्या दिवशी स्नेहदीपच्या अंगणात नेहमीसारख्या स्कूटरी उभ्या असायच्या.

माणसं एकमेकांकडे बघू लागली. वाईट कुणाच्या मनात होतं असं नाही. इतकी वर्षं हे आपल्याला सुचलं कसं नाही, याचीच थोडी शरम असावी. मग अण्णा म्हणाले, "करू की! का न्हाय करायचं? एक वर्ष करून बगू. नीट झालं तर दरवर्षीच्या यादीत घालून टाकू, गणपतीच्या शेजारी."

टाळ्या पडल्या. सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या खजिनदार धनलक्ष्मीने. बी इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारी धनलक्ष्मी ही संघप्रियाची अकरा वर्षांची रांगोळीतली जोडीदारीण. संघप्रिया रेघ ओढणार, धनलक्ष्मी रंग भरणार.

संघप्रिया घरी आली ती उडतच. सासू केसरबाई मटकी निवडत बसली होती. तिला सांगितलं तर ती मान वर न करता म्हणाली, "हितं? हितं आपलं काय आस्तंय बाई. आमी आपलं वस्तीत जातो. तितं माजी माणसं हायती."

"आई, यंदा आपल्या दारात होणार आहे. तुम्ही थांबायचं."

"कोन म्हनलं?"

"अण्णा म्हणाले. करू की म्हणाले."

केसरबाईने तेव्हा मान वर केली. नुसतं बघितलं. चाळीस वर्षं गिरणीत काम केलेल्या बाईला साहेबाचा कुठला शब्द किती वजनाचा ते कळतं. पण सुनेचा चेहरा इतका फुललेला होता की तिने मटकीचं ताट बाजूला सारलं. शेवटी म्हणाली, "बरं. तू म्हन्तीस म्हनून थांबते. पांढरं लुगडं काडून ठेव."

आता हे काम साधंसुधं राहिलं नव्हतं. नीट झालं तर यादीत. नाही झालं, तर केसरबाईने आयुष्यात पहिल्यांदा वस्तीतली जयंती सोडली ती फुकट.

संघप्रियाने आराखडा केला तो बघण्यासारखा होता. तीस हजारांचा अंदाज. निम्मे उत्सव निधीतून, निम्मे घरटी वर्गणीतून. स्टेज आणि मंडप, निळं-पांढरं कापड, लाइट, साउंड, फुलं, रांगोळी, खीर, प्रत्येकाचा वेगळा आकडा आणि वर थोडी शिल्लक, कारण ऐनवेळी दोरी आणि वायर यांना पाय फुटतातच. मंडप स्वतःच्या आवारात असल्याने रस्त्याची परवानगी नको होती, पण स्पीकरसाठी पोलीस ठाण्यात अर्ज द्यायचा होता. तो तिने स्वतः दिला. स्वयंसेवक बारा, प्रत्येकाच्या नावापुढे काम. ग्रुपवर टाकलं तर बाराच्या बारा जणांनी अंगठे वर केले. खाली उत्तरांची रांग: करू की. येतो की. आपलंच हाय की.

मंडपवाला शोधणं ही पहिली ठेच. चौदा एप्रिलला सोलापुरातला मंडपवाला मोकळा सापडणं अवघड. मोठ्या मंडळांनी सगळे आधीच धरून ठेवलेले असतात. सात ठिकाणी नकार मिळाला. शेवटी टेंभुर्णीचा नवनाथ तयार झाला. "पाडव्याच्या आत आगाऊ पैसे लागत्याल," तो म्हणाला. वर्गणी अजून जमा व्हायची होती. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "देऊ की." पाडवा दोन दिवसांवर आला तेव्हा संघप्रियाने आपल्या पगारातून दिले आणि नंतर वळते करून घ्यायचं ठरवलं. यात काही चुकतंय असं तिला वाटलं नाही. घरचं कार्य असलं की माणूस असं करतोच.

पण आराखड्यातली खरी हुशारी पैशात नव्हती, पाण्यात होती. ही गोष्ट सोलापूरच्या माणसाला सांगावी लागत नाही. नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं. त्या दिवशी शहरात दुसरं काही होत नाही. कुणी लग्नाची बोलणी ठरवत नाही, कुणी दवाखान्याची वेळ घेत नाही. स्नेहदीपमध्ये पालिकेचं पाणी खालच्या हौदात पडतं, तिथून मोटर ते बी इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीत चढवते, आणि तिथून ते घरोघरच्या नळांना येतं. मग पिंपं, घागरी, कळश्या, कुकरची भांडीसुद्धा भरायची. सगळ्यांची भरून झाली की टाकी पुन्हा काठोकाठ करून मोटर बंद. बोअर मार्चातच तळाला जातं, त्यामुळे एप्रिलमध्ये हेच पाणी आणि एवढंच पाणी.

मोटरचा मालक म्हणजे वॉचमन शिवयोगी. अक्कलकोटकडचा, साठीचा, मितभाषी. पाणी सुरू असलं की तो मोटरच्या खोलीपाशी स्टूल टाकून बसायचा आणि टाकी भरल्याचा आवाज पाइपातून ऐकून बटण बंद करायचा. बसला की उठायचा नाही. चहासुद्धा तिथंच. तो आल्यापासून टाकी एकदाही वाहिलेली नव्हती. त्याच्या आधी वाहायची, तेव्हा वरच्या पाइपाची धार बी इमारतीच्या कोपऱ्यात अंगणात पडायची. म्हणून पाण्याच्या दिवशी तिथं स्कूटर लावायची नाही, असा नियम होता. शिवयोगी आल्यावर नियमाची गरज उरली नाही आणि तो लोकांच्या डोक्यातून गेला.

संघप्रियाने पाळी मोजली. पाणी बारा तारखेला येणार. म्हणजे बाराला अंगण धुऊन निघेल, रात्रीत वाळेल, तेराला सगळी घरं भरल्या पिंपांनी निवांत असतील आणि बारा स्वयंसेवक मोकळे. दुपारी स्टेज आणि कापड, संध्याकाळी रांगोळी, दिवे. चौदाला सकाळी बुद्धवंदना, मग खीर. धनलक्ष्मी आराखडा बघून म्हणाली, "तुझं डोकं म्हणजे ना! पाण्यावर सुद्धा तारीख बसवलीस."

अकरा तारखेला जलवाहिनी कुठेतरी फुटली. ग्रुपवर संदेश आला, पाणीपुरवठा एक दिवस पुढे.

एक दिवस पुढे म्हणजे तेरा. संघप्रिया कार्यालयात होती. तिने लगेच अण्णांना फोन लावला.

"मग काय झालं?" अण्णा म्हणाले. दुकानात गिऱ्हाईक होतं, मागून चादरी झटकल्याचा आवाज येत होता. "पाणी तासाभराचं. भरून झालं की सगळी येत्यात की."

"अण्णा, कामं सकाळी उरकून घेऊ या का? पाणी यायच्या आत?"

"घेऊ की."

तिने ग्रुपवर लिहिलं: तेराला सकाळी आठ वाजता जमायचं. अंगठे आले. बारा नव्हते, सात होते. तेराला सकाळी आठ वाजता अंगणात ती, धनलक्ष्मी आणि एक मांजर होतं. एकाच्या मुलाची परीक्षा होती. एकाला दुकान उघडायचं होतं. एकाचा पाहुणा केम गावाहून सकाळच्या गाडीने यायचा होता, त्याला आणायला तो स्टेशनवर गेला होता आणि गाडी उशिरा. एकही कारण खोटं नव्हतं. खोटं असतं तर भांडता आलं असतं. तिचा नवरा धम्मदीप एसटीत वाहक. जयंतीच्या जादा गाड्यांमुळे त्याची रजा रद्द झालेली. तो आदल्या दिवशीच पुण्याची गाडी घेऊन गेला होता आणि फोनवर पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मी असतो तर..."

नवनाथने चार माणसं पाठवतो म्हणून सांगितलं होतं. टेम्पो आला बारा वाजता, त्यात सामान आणि एक माणूस. तिने नवनाथला फोन केला. "ताई, कुर्डुवाडीला मोठ्ठं काम आलं. एक हाय तो लई कामाचा हाय. बाकीची पाठवतो की."

संघप्रियाने फोन ठेवला. तिला रडू येत होतं, पण रडायला वेळ नव्हता.

एप्रिलचं ऊन, फरशी तापून लाल. सावली होती ती फक्त बी इमारतीच्या कोपऱ्यात. सकाळपासून मोकळी माणसं एवढीच दोन, तर निदान रांगोळी तरी उरकावी म्हणून त्या दोघी तिथंच बसल्या. मधोमध अशोकचक्र, त्याच्याभोवती पिंपळाची पानं, पानांना निळी किनार. संघप्रियाचा हात सुरू झाला आणि तासभर तिला बाकी सगळ्याचा विसर पडला. आरे ओढताना तर तिचा चेहरा इतका शांत झाला की धनलक्ष्मी थट्टेने म्हणाली, "गणपतीला पण एवढी मन लावून काढत न्हाईस हं." दोघी हसल्या. एक पान राहिलं होतं, बाकी सगळं झालं होतं. वरच्या खिडकीतून केसरबाई बघत होती. तिने वरून विचारलं, "चाक झालं का गं?" आणि स्वतःच म्हणाली, "झालं की. लई ग्वाड दिसतंय." तिच्या 'की'मध्ये कसलीही सुटका नव्हती.

चारच्या सुमारास हौदात पाणी पडल्याचा आवाज आला.

दोन्ही इमारतींत दारं आपटली, पिंपांची झाकणं वाजली. धनलक्ष्मी हातातला रंग टाकून उठली. "आलेच की गं. पाच मिनिटं." संध्याकाळी येणार होते ते सगळे घरोघर पाइप धरून उभे होते. यात चिडण्यासारखं काय होतं? संघप्रिया त्यांच्या जागी असती तर तिनेही तेच केलं असतं. तिच्या घरी तर केसरबाई एकटीच घागरी सरकवत होती, आणि तो आवाज खाली ऐकू येत होता.

अंगणात उरली ती आणि मंडपाचा माणूस. स्टेजच्या मागचं निळं कापड वर बांधायचं होतं. शिडी एक, माणूस एक. तो वर चढला की खाली शिडी धरायला कुणीतरी हवं, आणि कापडाचं दुसरं टोक ताणून धरायला आणखी कुणी. पाऊण तास त्याने एकट्याने धडपड केली. मग म्हणाला, "ताई, मला साडेपाचला जायाचंय. धरायला मानूस द्या, न्हायतर तसंच सोडतो."

घरोघरची पिंपं भरत आली होती, मोटर शेवटची टाकी चढवत होती. शिवयोगी आपल्या स्टुलावर बसलेला होता. मान एका बाजूला कललेली, कान पाइपाकडे.

"अप्पा, जरा शिडी धरता का? दोन मिनिटं."

शिवयोगीने मोटरकडे बघितलं. "टाकी भरत आली बघा ताई."

"दोनच मिनिटं, अप्पा. उद्याचं आहे. कुणीच नाही हो."

इतक्या वर्षांत संघप्रियाने त्याला कधी काही काम सांगितलं नव्हतं. दिवाळीला फराळ आणि त्याच्या नातीला वह्या तीच द्यायची. म्हातारा नाही म्हणूच शकला नाही. "धरतो की," तो म्हणाला आणि उठला. स्टूल तसंच राहिलं.

शिडी हलत होती. कापडाची गाठ सुटत होती. ती दुसरं टोक ताणून उभी होती, डोळ्यात ऊन. एक कोपरा बसला, दुसरा घसरला. "जरा डावीकडं. अजून. हां, थांबा." दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. निळं कापड अखेर ताठ बसलं, वाऱ्याने एकदा फुगलं, आणि तिला वाटलं, झालं. होतंय. आता होतंय.

मागून धप्प असा आवाज झाला.

वरच्या पाइपातून मनगटाएवढी धार तीन मजल्यांवरून सरळ अशोकचक्रावर पडत होती. शिवयोगी शिडी सोडून धावला, वरचा माणूस ओरडला, संघप्रियाने धावत येऊन दोन्ही हातांनी शिडी धरली. सोडली असती तर माणूस पडला असता. ती तशीच उभी राहून बघत होती. निळा रंग आधी फुगला, मग पानांवरून ओघळत गेला. शिवयोगीने बटण बंद केलं, पण टाकी आणि पाइप शिगोशीग भरलेले. धार बारीक होत होत बराच वेळ पडत राहिली. फरशीचा उतार स्टेजकडे. खाली ठेवलेले लाइट, बोर्ड, घडी करून ठेवलेलं पांढरं कापड, सगळ्यांत पाणी शिरलं.

आणि मग माणसं आली. बाप रे, किती माणसं आली! तीन आठवडे ज्यांना बोलावून तिचा घसा बसला होता ती सगळी मिनिटाभरात खाली. "पाणी! अहो टाकी वाहतेय! पाणी चाललं!" हातात बादल्या, टोप, घमेली. कुणीतरी धारेखाली पहिली बादली सरकवली, चक्राच्या बरोबर मधोमध. मग दुसरी. माणसं पानांवर उभी राहून एकमेकांच्या हातात बादल्या देत होती. रांगोळीवर उभे आहोत हे कुणी बघितलंच नाही, कारण बघण्यासारखं पाणी होतं. पाच दिवसांचं पाणी.

मंडपाचा माणूस खाली उतरला तेव्हा संघप्रियाने शिडी सोडली. तिच्या पायाशी कुणाची तरी रिकामी बादली लवंडली होती. तिने ती उचलली, गर्दीत शिरली आणि धारेखाली धरली. का धरली ते तिला नंतरही सांगता आलं नाही. पाणी वाया जात होतं, एवढंच.

मंडपाच्या माणसाने भिजलेले लाइट टेम्पोत भरले. "ह्यात करंट सोडला तर मानूस मरंल ताई. म्या न्हाय सोडनार." ते खरंच होतं. निळं कापड वर तेवढं राहिलं.

संध्याकाळी अण्णा दुकानातून आले. एवढं सगळं बघून त्यांना मनापासून वाईट वाटलं. शिवयोगीला ते दोन शब्द बोलले. म्हातारा खाली मान घालून उभा होता; त्याने एकदाही म्हटलं नाही की मला ताईंनी बोलावलं होतं. संघप्रिया पुढे झाली. "अण्णा, मी उठवलं त्यांना. चूक माझी आहे."

"असू दे गं. होतंय की," अण्णा म्हणाले. "उद्या साधं करू. फोटो, हार, मेणबत्ती. भावना महत्त्वाची."

कुणी तिला दोष दिला नाही. कुणी एक वाकडा शब्द काढला नाही. तिला वाटत होतं, कुणीतरी ओरडावं, म्हणजे आपल्यालाही ओरडता येईल. ग्रुपवर मात्र त्या संध्याकाळी एक सूचना आली: पाण्याच्या दिवशी अंगणात कार्यक्रमाची कामे ठेवू नयेत. सत्तावीस अंगठे वर आले. अठ्ठाविसावं घर तिचं.

चौदाला सकाळी तिने चिखलाचे पाय उमटलेली फरशी पुसून स्टेजपुढे हातभर रांगोळी काढली. रंग उरला होता तेवढीच. नळाचं पाणी कालच येऊन गेलेलं, त्यामुळे लोक निवांत उशिरा उठत होते. वंदनेला पाच घरांतली माणसं, धनलक्ष्मी, शिवयोगी आणि अण्णा. बाकीच्यांनी जाता-येता फोटोला हात जोडले, चांगले मनापासून जोडले, आणि खीर घेऊन गेले. स्पीकर लावलाच नाही. केसरबाईने पांढऱ्या लुगड्यात पुढे बसून त्रिशरण म्हटलं. तिचा आवाज मोठा होता. वस्तीत हजार आवाजांत मिसळायची सवय असलेला. इथं तो एकटाच उंच उठला आणि दोन्ही इमारतींच्या भिंतींवर आपटून परत आला. ती मधेच जरा थांबली, मग हळू आवाजात म्हणू लागली. संघप्रियाला कालच्या सगळ्यापेक्षा हे जास्त लागलं. सासूने आवाज कमी केला होता, आपल्याच दारात, सुनेच्या शब्दावर थांबून.

वंदना झाल्यावर अण्णांनी हार घातला, खाली वाकून नमस्कार केला. मग संघप्रियाकडे वळले.

"मन खट्टू करू नको. पुढच्या वर्षी मोठं करू की."

"यादीत घालायचं म्हणाला होतात, अण्णा."

"घालू की. यंदाचं जरा... तसं झालं. पुढच्या वर्षी नीट होऊ दे, मग घालूच." हे बोलताना त्यांना स्वतःलाच अवघडल्यासारखं झालं. माणूस वाईट नव्हता. काहीतरी बरं बोलावं, हिला मान द्यावा, म्हणून त्यांनी भोवती बघितलं, आणि त्यांना हातभर रांगोळी दिसली. चेहरा उजळला. "आन् हे बघ, गणपतीची रांगोळी तुजीच हं. ते दुसरं कुनाचं काम न्हाय. करशील ना?"

संघप्रियाच्या तोंडात 'नाही' आलं होतं. अगदी जिभेच्या टोकाशी. पण समोर अण्णा हात जोडून उभे, मागे फोटो, बाजूला धनलक्ष्मी आशेने बघतेय. सरळ नाही म्हणायला लागतं ते बळ तिच्यात आज उरलं नव्हतं. मग तिने तेच केलं जे या गावात सगळे करतात. त्यांच्याच नजरेत नजर घालून, त्यांच्याच सुरात, शेवटचं अक्षर लांबवून ती म्हणाली,

"करू की, अण्णा."

सोलापूरच्या कुणालाही कळावं इतकं ते स्पष्ट 'नाही' होतं. तिने श्वास रोखला.

अण्णा खुलले. "बघ! म्हनलं न्हवतं?" ते धनलक्ष्मीकडे वळले. "ही करती म्हनली म्हंजे झालंच समज. लिहून टाक, रांगोळीचं काम मिटलं."

धनलक्ष्मीने आनंदाने मान हलवली. संघप्रिया तिथंच उभी राहिली. ज्या दोन शब्दांत अख्खं गाव नाही म्हणत होतं, त्यांत तिला नाही म्हणता येत नव्हतं.

केसरबाई चपला घालून फाटकाशी उभी होती. तिने रिक्षा थांबवली होती. वस्तीतली मिरवणूक संध्याकाळी निघायची, दिवस अजून बाकी होता. संघप्रिया तिच्या शेजारी जाऊन बसली. रिक्षा सात रस्त्याकडे वळली तशा निळ्या पताका दिसू लागल्या.

"काय म्हनत हुते चेअरमन?"

"काही नाही. गणपतीची रांगोळी करशील का, विचारत होते."

"मग? काय म्हनलीस?"

"करू की म्हणाले."

केसरबाईने तिच्याकडे बघितलं. मग सुनेचा रंगाने निळा झालेला हात आपल्या पदराला पुसत ती म्हणाली, "म्हंजी करनार तू."